चिखल वरून आला की खालून? काळ्या मातीवरच्या रुळांची गोष्ट

१८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. भुसावळहून निघालेला हा मार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा असा जातो. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात लवकर पोचवायचा, हा त्यामागचा मोठा हेतू होता. कापूस चांगला पिकतो तो काळ्या मातीत, त्यामुळे कापसाच्या मागे गेलेली रेल्वे साहजिकच काळ्या मातीवर येऊन बसली. शेतकऱ्याला जी माती सोन्यासारखी, तीच रुळाखाली आली की स्थापत्य अभियंत्याला वर्षानुवर्षं पुरणारा त्रास देते.

त्या काळचे भराव बाजूच्याच जमिनीतून खणलेल्या मातीचे असत. माती टोपल्यांनी आणून टाकायची, दोन-तीन पावसाळे खाऊ द्यायचे आणि बसली की तिच्यावर खडी, स्लीपर आणि रूळ. यंत्राने थर दाबण्याची पद्धत फार नंतरची. जिथून माती उचलली ते खड्डे भरावाच्या पायथ्याशीच राहत आणि पावसाळ्यात तिथे तळी साचत. अशा भरावावरून जेव्हा हलक्या गाड्या थोड्याच धावत, तेव्हा निभावून जाई. आता एका मालगाडीच्या एका आसावर साडेबावीस टनांच्या आसपास भार असतो आणि गाड्यांची रांग दिवसरात्र चालू असते.

तुम्ही गाडीच्या दारातून खाली पाहत असाल, तर एखाद्या ठिकाणी खडीवर फिकट राखाडी डाग दिसतात. दोन-तीन स्लीपरांच्या टोकांभोवती चिखल वाळून त्याचा पातळ लेप दगडांवर बसलेला असतो. पावसाळ्यात तीच जागा ओली आणि चिकट असते, आणि गाडी जाताना तिथून चिखलाचे शिंतोडे रुळाच्या बाजूला उडतात. रुळाची देखभाल करणाऱ्या ट्रॅकमनना ही जागा लांबूनच ओळखता येते. तिथले स्लीपर पोकळीवर लटकलेले असतात. चाक आलं की स्लीपर खाली बसतो, गेलं की वर येतो. रूळ तेवढ्या लांबीत खाली जातो, आणि डाव्या-उजव्या रुळाची पातळी सारखी राहत नाही. दुरुस्ती झाली की काही आठवडे बरं वाटतं, मग जोराचा पाऊस येतो आणि तोच डाग तिथेच पुन्हा दिसतो.

या पुन्हापुन्हा येण्याचं कारण कळायचं असेल तर रुळाखालचे थर समजून घ्यायला हवेत. वर रूळ, त्याखाली काँक्रीटचे स्लीपर, साधारण ६० सेंटीमीटर अंतराने. स्लीपरखाली खडी, मुख्य मार्गावर साधारण ३० सेंटीमीटर किंवा थोडी जास्त. खडीच्या खाली मातीचा भराव किंवा मूळ जमीन. खडी २० ते ६५ मिलिमीटरच्या दरम्यानच्या टोकदार दगडांची असते आणि हे दगड एकमेकांत अडकून बसतात. स्वच्छ खडीच्या एक घनमीटरमध्ये सुमारे चारशे लिटर जागा रिकामीच असते. ही रिकामी जागा फार मोलाची. पाणी तिच्यातून वाहून जातं, आणि पुन्हा बसवताना दगडांना हलायला तीच वाव देते.

भाराचा हिशेब असा. आसाखालचा स्लीपर एकटा सगळा भार घेत नाही, रूळ तो शेजारच्या स्लीपरांत वाटतो. तरी मधल्या स्लीपरवर साधारण चाळीस टक्के, म्हणजे नऊ टन येतात. खडीतून खाली जाताना तो भार आणखी पसरतो, आणि मातीच्या माथ्यावर पोचेपर्यंत दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो किंवा त्याहून थोडा कमी राहतो. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटतं. पण एका पायावर उभा राहिलेला माणूस जमिनीवर जो दाब देतो, त्याच्या तो दुप्पट-तिप्पट आहे, आणि भिजलेल्या काळ्या शेतात माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यातही खरा प्रश्न दाब किती यापेक्षा तो किती वेळा आणि किती पटकन येतो हा आहे. ५८ वाघिणींच्या एका मालगाडीत वाघिणींचेच २३२ आस असतात. एका बोगीतले दोन आस दोन मीटर अंतरावर असतात. गाडी ताशी ७५ किलोमीटरने जात असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ २१ मीटर पुढे सरकते, म्हणजे एकाच जागेवर दोन आस साधारण दहाव्या भागाच्या सेकंदाने येऊन पडतात. एवढ्या वेळात मातीतल्या पाण्याला बाहेर पडायला सवड मिळते का? दाट चिकणमातीतून पाणी एका दिवसात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही पुढे जात नाही, तिथे दहाव्या भागाच्या सेकंदाची काय कथा. त्यामुळे चाकाचा दाब मातीच्या कणांवर न पडता त्यांच्यामधल्या पाण्यावर पडतो. पाणी दाबलं जात नाही, ते वाट शोधतं. दर आसागणिक हा दाब थोडा थोडा साचत जातो आणि माथ्यावरच्या मातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात. तिची रबडी होते.

या रबडीच्या वर मोकळी, पोकळ खडी आहे, आणि खडीच्या वर हलणारा स्लीपर आहे. पोकळीवर लटकलेला स्लीपर खाली आपटतो तेव्हा तिथलं पाणी जोराने बाजूला आणि वर ढकललं जातं, आणि वर उचलला गेला की खालची रबडी ओढली जाते. हापशाच्या दांड्यासारखं हे वरखाली चालू राहतं, आणि प्रत्येक फेरीला थोडी बारीक माती खडीच्या पोकळ्यांत चढते. रेल्वेतले लोक याला पंपिंग म्हणतात.

म्हणजे चिखल होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र यायला लागतात: खूप बारीक माती, बाहेर न जाणारं पाणी आणि पुन्हापुन्हा येणारा आघात. आघात गाडीबरोबरच येणार, तो थांबवता येत नाही. पण काही जागी तो नेहमीपेक्षा जास्त असतो: रुळाच्या सांध्यापाशी, नीट न बसलेल्या जोडापाशी, सांधे बदलण्याच्या काट्यापाशी, पुलाच्या तोंडाशी जिथे कडक बांधकाम संपून मऊ भराव सुरू होतो. म्हणून पहिला डाग बहुधा अशा जागीच दिसतो. तिथली माती शेजारच्यापेक्षा वाईट असते असं नाही, तिथे चाक जास्त आपटतं.

आता काळ्या मातीचा स्वभाव. तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर इतके पातळ आणि एकमेकांना इतके सैल धरलेले असतात की पाणी त्यांच्यामध्ये शिरतं आणि थर दूर जातात. माती फुगते. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. रुळाच्या भरावातही तेच होतं, आणि पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खोल जातं. भेगा बुजेपर्यंत पाणी आत पोचलेलं असतं आणि मग ते आतच अडकतं.

स्लीपरखाली काय चालतं हे पाहायचं तर रूळ आडवा छेदून पाहावा लागतो. जुन्या मार्गांवर असे छेद घेतले की एक ओळखीचं चित्र दिसतं. भरावाचा माथा मुळात मधून उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असायला हवा, म्हणजे खडीतून झिरपलेलं पाणी बाहेर वाहून जाईल. पण रुळाच्या बरोबर खाली दगड मऊ मातीत रुतलेले असतात आणि तिथे खोलगट द्रोण तयार झालेला असतो. मऊ माती रुतणाऱ्या दगडांच्या बाजूने दाबली जाऊन कडेला वर उचलली गेलेली असते. रुळाच्या कडेच्या या पायवाटेला रेल्वेत सेस म्हणतात. सेस उंच आणि मध्य खोल, असा माथा उलटा झाला की त्यावर पाणी वाहत नाही, साचतं. रूळ खचला म्हणून खडी टाकून उचलला जातो, आणि ती खडीही द्रोणात जाऊन बसते. काही वर्षांनी खडीचा हा खिसा मीटरभर खोल गेलेला आढळतो. रुळाखाली दगडांनी भरलेलं एक तळं, कडेला मातीचा बांध, आणि वरून गाड्या.

इथपर्यंत वाचून वाटेल की चिखल दिसला म्हणजे माती खालून आली. पण हा निष्कर्ष नेहमी बरोबर नसतो, आणि या विषयातली सर्वांत महागडी चूक इथेच होते. अर्नेस्ट सेलिग आणि जॉन वॉटर्स यांनी १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात उत्तर अमेरिकेतल्या मार्गांची आकडेवारी दिली आहे. खडीत साचलेल्या बारीक पदार्थांपैकी सुमारे ७६ टक्के भाग खडीचाच चुरा होता. खालच्या मातीतून आलेला भाग फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. उरलेलं वरून पडलेलं, खालच्या वाळू-मुरमाच्या थरांतून आलेलं आणि स्लीपर झिजून निघालेलं. हे आकडे भिजलेल्या काळ्या मातीवरच्या जुन्या भरावाला सरसकट लावता येणार नाहीत, पण ते एक गोष्ट ठामपणे सांगतात: दगड दगडावर घासून पीठ होतं, त्यात पाणी पडलं की तेही रबडीच होतं, आणि लटकलेला स्लीपर तीही उडवतो. रूळ पुन्हा बसवताना यंत्राची बोटं खडीत खुपसून दगड दाबतात, तेव्हाही कोपरे तुटतात. म्हणजे वारंवार दुरुस्ती करणं हेही खडी खराब होण्याचं एक कारण आहे.

तिसरा प्रकार कोळशाचा. चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातून कोळशाच्या गाड्या जातात त्यांना हे लागू पडतं. अमेरिकेत वायोमिंगच्या कोळसा पट्ट्यात मे २००५ मध्ये लागोपाठ दोन दिवसांत दोन गाड्या रुळावरून घसरल्या आणि खडीत साचलेल्या कोळशाच्या भुकटीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कोळशाची भुकटी फार पाणी धरते आणि भिजली की दगडांमधली पकड सैल करते. शिवाय ती हलकी असते. वजनाने मोजली तर थोडी वाटते, पण दगडाच्या जवळजवळ निम्म्या घनतेची असल्याने पोकळ्या मात्र दुप्पट व्यापते. म्हणून खडी किती घाण झाली हे फक्त वजनावरून ठरवणं कोळशाच्या मार्गावर फसवं ठरतं.

मग ओळखायचं कसं? खणूनच. दोन स्लीपरांमधल्या जागेत आणि स्लीपरच्या टोकापाशी फावड्याने थरथराने खणत भरावाच्या माथ्यापर्यंत जावं आणि घाण कुठे जास्त आहे ते पाहावं. खडी वर मळलेली आणि खाली स्वच्छ असेल, तर गोष्ट वरची किंवा दगडाच्या चुऱ्याची आहे. वर बरी आणि खाली जाताना अधिकाधिक मळत जाऊन शेवटी माती व खडी यांची सीमाच हरवत असेल, तर खालची माती वर येते आहे. रंगावर मात्र दख्खनमध्ये भरवसा ठेवू नये. आपली खडी बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. तिचं पीठ गडद राखाडी असतं, आणि भिजल्यावर ते काळ्या मातीसारखंच दिसतं. दोन्ही एकाच खडकापासून आलेली आहेत, त्यामुळे हे साहजिक आहे.

रंग फसवतो तिथे हात फसवत नाहीत. तो चिखल थोडा वाळवून तळहातावर वळायचा. काळी माती असेल तर तीन मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळता येते, आणि हाताला ती लोण्यासारखी गुळगुळीत लागते. दगडाचं पीठ असेल तर वात वळतानाच भुगा होतो आणि बोटांना रवाळ लागतं. याहून पक्कं करायचं असेल तर प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी आहे: बारीक चाळलेली दहा ग्रॅम माती एका काचेच्या नळीत पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन नळ्यांतल्या उंचीचा फरक तिचं फुगणं सांगतो. चांगली काळी माती पाण्यात दीडपट ते दुप्पट जागा घेते. दगडाच्या पिठाची उंची दोन्ही नळ्यांत जवळजवळ सारखी राहते.

या फरकावर पैसा अवलंबून असतो. दगडाचा चुरा असेल तर खडी उपसून, चाळून, घाण बाजूला टाकून आणि कमी पडेल तेवढी नवीन भरून काम भागतं. रेल्वेत याला डीप स्क्रीनिंग म्हणतात, आणि सर्वसाधारणपणे दहा वर्षांतून एकदा तरी ते व्हावं असा नियम आहे. पण चिखल खालून आलेला असेल आणि तरी फक्त खडी चाळली, तर आपण पोकळ्या पुन्हा रिकाम्या करून मातीला चढायला मोकळी जागा देतो. वर नवी स्वच्छ खडी सरळ मऊ मातीवर टेकते आणि तिचे टोकदार कोपरे रुतू लागतात. दोन-तीन पावसाळ्यांत डाग परत. माझ्या मते काळ्या मातीच्या पट्ट्यात हाच पैसा सर्वांत जास्त वाया जातो, कारण काम झाल्यावर रूळ छान दिसतो आणि फसवा दिलासा मिळतो.

खालची माती वर येऊ द्यायची नसेल तर खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणी लागते. ती कशी असावी याचा नियम कार्ल तर्झाघी या ऑस्ट्रियन अभियंत्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मातीच्या धरणांसाठी काढला. नियम कणांच्या आकाराचा आहे. गाळणीतले बारीक बाजूचे कण (ज्याच्या आत गाळणीचे १५ टक्के कण येतात ते माप) हे मातीतल्या जाड बाजूच्या कणांच्या (ज्याच्या आत मातीचे ८५ टक्के कण येतात ते माप) साधारण चार-पाच पटींहून मोठे नसावेत. मग गाळणीतल्या फटी इतक्या लहान राहतात की मातीचे जाड कण त्यांत अडकतात, आणि अडकलेल्या जाड कणांच्या मागे बारीकही थांबतात.

आता आकडे घालून पाहू. काळ्या मातीचं ८५ टक्क्यांचं माप ०.०५ मिलिमीटर धरू. खडीचं १५ टक्क्यांचं माप साधारण २५ मिलिमीटर येतं. भागाकार ५००. नियम पाच सांगतो, आणि आपण खडी थेट मातीवर टाकून शंभर पट उल्लंघन करतो. अशी खडी मातीला अडवूच शकत नाही. मग गाळणी कशाची? ०.०५ च्या पाच पट म्हणजे ०.२५ मिलिमीटर. १५ टक्के कण याहून बारीक असलेली वाळू चालेल. पण अशी निव्वळ बारीक वाळू टाकली तर दुसरी बाजू उघडी पडते, कारण तीच वाळू खडीच्या फटींत शिरेल. खडीच्या २५ मिलिमीटरसमोर टिकायचं तर त्या थराचं ८५ टक्क्यांचं माप निदान पाच मिलिमीटर हवं. म्हणजे एकाच थरात पाव मिलिमीटरच्या वाळूपासून पाच मिलिमीटरहून मोठ्या बारीक खडीपर्यंत सगळी मापं मिसळलेली असली पाहिजेत. चाळणीतून काढलेली एकाच मापाची छान वाळू इथे निकामी. आणि मिश्रणात चिकणमाती नको, नाहीतर गाळणीच चिखल होईल.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे संथ पाण्यात हा नियम गरजेपेक्षा कडक ठरतो. रुळाखाली मात्र गाड्यांच्या आघाताने ती पकड सुटून रबडी झालेली असते, म्हणून कडक नियमच पाळावा लागतो.

रेल्वेच्या भाषेत या थराला ब्लँकेट म्हणतात. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने नव्या मार्गांसाठी त्याची जाडी मातीच्या प्रतीवरून ठरवून दिली आहे. ज्या मातीत निम्म्याहून जास्त भाग अतिशय बारीक कणांचा असतो ती सर्वांत हलक्या प्रतीची, आणि काळी माती त्यातच बसते. तिच्यावर जाड थर लागतो. ब्लँकेटचं दुसरं कामही तेवढंच मोठं: भार आणखी पसरवून मातीवरचा दाब कमी करणं. गाळणी म्हणून पातळ थरही पुरेल, पण दाब कमी करायला जाडीच हवी.

नव्या मार्गावर हे सोपं आहे. चालत्या मार्गावर काय? शंभर मीटरचा एक खराब तुकडा घेऊ. ३० सेंटीमीटरचा थर भरावाच्या पूर्ण रुंदीवर, म्हणजे सुमारे पावणेआठ मीटरवर, टाकायचा तर २३५ घनमीटर माल लागतो. सहा घनमीटरच्या ट्रकांनी हिशेब केला तर चाळीस खेपा. आधी सगळी खडी काढायची, मग तेवढीच माती खणायची, माथा मधून उंच करून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, ब्लँकेट थराथराने दाबायचं, पुन्हा खडी, स्लीपर, रूळ. आणि हे सारं गाड्या बंद ठेवून मिळालेल्या काही तासांच्या तुकड्यांत. युरोपात यासाठी एक लांबलचक रेल्वेगाडीसारखं यंत्र वापरतात. ते रूळ न काढता खडी आणि माती उपसतं, खाली थर पसरून दाबतं आणि पुढे सरकतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रूळ उचलून किंवा छोट्या छोट्या भागांत काम करावं लागतं, आणि तोवर गाड्यांना वेगमर्यादा लागते.

म्हणून सोपे मार्ग शोधले जातात. मातीवर फक्त जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरणं हा त्यातला सर्वांत आकर्षक. कापड खडी आणि माती वेगळी ठेवतं, हे खरं. पण चिकणमातीचे कण कापडाच्या छिद्रांपेक्षा बारीक असतात. रबडी त्यातून आरपार येते, किंवा कापड बुजून जातं आणि पाणी अडतं. शिवाय टोकदार खडी थेट त्यावर पडली तर ते फाटतं. ब्रिटनमध्येही एकट्या कापडाने चिखल थांबत नाही असाच अनुभव आला, आणि वाळूचा थर टिकून राहिला. वाळूच्या थराखाली कापड घातलं तर ते कामाचं असतं. एकट्याने मात्र त्याच्यावर विसंबू नये.

त्याआधी एक स्वस्त काम करून पाहायलाच हवं, आणि पुष्कळ ठिकाणी ते पुरतंही: पाणी बाहेर काढणं. उंच झालेला सेस छाटून उताराचा करायचा, बाजूचे नाले मोकळे करायचे, पायथ्याशी साचलेली तळी काढायची. जिथे खडीचा खिसा खोल गेला आहे तिथे रुळाला आडवे चर खणून ते दगड-वाळूने भरतात. या चरांचा तळ खिशाच्या तळाच्या खाली असलाच पाहिजे, कारण उथळ चर तळ्याच्या वरच्या कडेला भोक पाडतो आणि खालचं पाणी तिथेच राहतं. म्हणून चर खणण्याआधी खिशाची खोली पहारीने किंवा खणून मोजावी लागते. खोदाई कटिंगमध्ये असेल, म्हणजे रूळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असेल, तर हे काम जास्त अवघड, कारण पाणी तिथे दोन्ही बाजूंनी येतच राहतं.

आता उरतं काळ्या मातीचं फुगणं, आणि तिथे वाळू अपुरी पडते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की भिजलेली काळी माती मीटरभराच्या खाली फारशी फुगत-आकसत नाही, वरचा थर तिला धरून ठेवतो. मग वरची मीटरभर माती काढून तिथे न फुगणारी पण चिकट माती, आपल्या भाषेत चांगला मुरूम, दाबून घातला तर? कालव्यांच्या अस्तरांखाली आणि पायांखाली हे यशस्वी झालं. नुसत्या वाळूच्या गादीने तो परिणाम येत नाही, असंही त्यांच्या प्रयोगांत दिसलं, कारण वाळू कणांना अडवते पण माती फुगण्याला विरोध करत नाही. म्हणजे काळ्या मातीवरच्या रुळाखाली दोन वेगळी कामं आहेत. मुरमाचा थर फुगणं रोखतो, ब्लँकेट चिखल रोखतं. मुरूम ब्लँकेटच्या जागी घातला तर त्यातले बारीक कण स्वतःच पंप होऊन वर येतील, आणि ब्लँकेट मुरमाच्या जागी घातलं तर रूळ पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली जात राहील. जुन्या भरावांवर दोन्ही थर देणं नेहमी शक्य होत नाही. अशा ठिकाणी चुन्याचं पाणी दाबाने भरावात सोडून मातीचा चिकटपणा आणि फुगणं कमी करण्याचे उपायही वापरले गेले आहेत, पण चुना मातीत किती दूर पोचतो हे भेगांच्या जाळ्यावर ठरतं, त्यामुळे त्याचा परिणाम सगळीकडे सारखा येत नाही.

दुरुस्ती खरी लागली का, हे काम संपल्याच्या दिवशी कळत नाही. त्यासाठी रुळाच्या पातळीच्या नोंदी किमान दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा ठेवाव्या लागतात. पहिल्या पावसाळ्यात डाग उमटला तर गाळणीत किंवा पाण्याच्या वाटेत खोट आहे. पहिला पावसाळा बरा गेला, पण उन्हाळ्यात सेसवर लांब भेगा पडल्या आणि पुढच्या पावसात रूळ खालवर झाला, तर चिखल थांबला आहे आणि फुगणं उरलं आहे. आणि कुठेही डाग न दिसता त्याच शंभर मीटरला शेजारच्या भागापेक्षा जास्त वेळा यंत्र चालवावं लागत असेल, तर पुन्हा फावडं घेऊन दोन स्लीपरांमध्ये खणून पाहायची वेळ आली आहे, मग वर खडी कितीही स्वच्छ दिसो.